सीसीचं लिटर कसं करायचं? दोन मोटरसायकलींची तुलना करताना दशांश चिन्ह कुठे फसवतं, समजून घ्या

मोटरसायकल म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'किती सीसीची आहे?' कारच्या जाहिरातीत मात्र तेच माप '१.२ लिटर इंजिन' असं लिहिलेलं असतं. मोठ्या परदेशी बाईकचे व्हिडिओ पाहिले की 'लिटर क्लास' हा शब्द कानावर पडतो. मग प्रश्न येतो, आपली शंभर सीसीची गाडी लिटरमध्ये किती? आणि शेजारच्याची दीडशे सीसीची किती?

हे गणित एका ओळीचं आहे. पण दोन गाड्या शेजारी ठेवून तुलना करताना याच एका ओळीत चूक होते आणि दीडपट मोठं इंजिन लहान इंजिनाच्या बरोबरीचं दिसायला लागतं. इन्शुरन्सचा प्रीमियम आणि जीएसटीसुद्धा याच आकड्यावर ठरतो. त्यामुळे हा हिशेब नीट समजून घेतलेला बरा.

थोडक्यात उत्तर

- लिटर = सीसी ÷ १०००
- सीसी = लिटर × १०००
- मोटरसायकलचा आकडा लिटरमध्ये लिहिताना एका दशांशावर थांबू नका. ब्रोशरमध्ये सीसीचा आकडा १४९.५ असा असेल, तर लिटरमध्ये ०.१४९५ असा पूर्ण लिहा.

सीसी म्हणजे इंजिनातली नेमकी कोणती जागा?

सीसी म्हणजे क्युबिक सेंटीमीटर, मराठीत घन सेंटीमीटर. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. सगळ्यात वरच्या टोकापासून सगळ्यात खालच्या टोकापर्यंत येताना तो जेवढी जागा मोकळी करतो, तेवढे त्या इंजिनाचे सीसी. पिस्टन अगदी वर असतानाही त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरते आणि तिथे पेट्रोल पेटतं. ती जागा सीसीमध्ये मोजत नाहीत.

हा आकडा दोन मापांवरून निघतो. सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर आणि पिस्टनचा वर-खाली प्रवास म्हणजे स्ट्रोक. दोन्ही मापं गाडीच्या माहितीपत्रकात मिलीमीटरमध्ये दिलेली असतात. सूत्र असं आहे:

सीसी = ०.७८५४ × बोअर × बोअर × स्ट्रोक × सिलिंडरची संख्या

बोअर आणि स्ट्रोक सेंटीमीटरमध्ये घ्यायचे, म्हणजे उत्तर थेट सीसीमध्ये मिळतं. ०.७८५४ म्हणजे पायचा चौथा भाग. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायला तो लागतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना एकच सिलिंडर असतो, त्यामुळे शेवटी एकने गुणायचं. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० सारख्या गाडीला दोन सिलिंडर आहेत, तिथे दोनने गुणायचं.

मग १००० नेच का भागायचं?

दहा सेंटीमीटर लांब, दहा सेंटीमीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर उंच असा एक डबा डोळ्यासमोर आणा. त्यात बरोबर एक लिटर पाणी मावतं. आता त्या डब्यात एक सेंटीमीटरचे चौकोनी ठोकळे भरले, तर ते १० × १० × १० म्हणजे १००० बसतील. प्रत्येक ठोकळा एक घन सेंटीमीटरचा. म्हणून एक लिटर म्हणजे १००० सीसी.

यातून आणखी एक सोपी गोष्ट कळते. एक सीसी म्हणजेच एक मिलीलीटर. खोकल्याच्या औषधाची १०० मिलीची बाटली घरात असेल, तर शंभर सीसीच्या गाडीचा पिस्टन एका फेरीत साधारण तेवढीच जागा मोकळी करतो.

दोन गाड्यांचं उदाहरण: स्प्लेंडर प्लस आणि पल्सर १५०

समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातील उंद्री गावात एका घरी हिरो स्प्लेंडर प्लस आहे. आता घरातल्या मुलाला बजाज पल्सर १५० घ्यायची आहे. घरातल्यांचा प्रश्न साधा आहे, नवी गाडी जुनीपेक्षा नेमकी किती मोठी?

कंपनीच्या माहितीनुसार स्प्लेंडर प्लसचा बोअर ५०.० मिमी आणि स्ट्रोक ४९.५ मिमी आहे. पल्सर १५० चा बोअर ५६ मिमी आणि स्ट्रोक ६०.७ मिमी आहे. आधी मिलीमीटरचे सेंटीमीटर करून घेऊ.

स्प्लेंडर प्लस: ०.७८५४ × ५.० × ५.० × ४.९५ = ९७.२ सीसी
पल्सर १५०: ०.७८५४ × ५.६ × ५.६ × ६.०७ = १४९.५ सीसी

म्हणजे लोक जिला 'शंभर सीसी' म्हणतात ती खरं तर ९७.२ सीसीची आहे आणि 'दीडशे' म्हणतात ती १४९.५ ची. नावातला आकडा जवळच्या गोल संख्येवर नेलेला असतो. तुलनेसाठी नेहमी माहितीपत्रकातला किंवा आरसीवरचा आकडा घ्या, नावातला घेऊ नका.

आता लिटरमध्ये:

९७.२ ÷ १००० = ०.०९७२ लिटर
१४९.५ ÷ १००० = ०.१४९५ लिटर

फरक ५२.३ सीसीचा, म्हणजे ०.०५२३ लिटरचा. प्रमाण काढायचं असेल तर मोठा आकडा लहान आकड्याने भागा. १४९.५ ÷ ९७.२ म्हणजे साधारण १.५४. पल्सरचं इंजिन आकाराने ५४ टक्के मोठं आहे. लिटरचे आकडे घेऊन भागलं, तरी उत्तर हेच येतं. माप बदललं म्हणून प्रमाण बदलत नाही. ते बदललेलं दिसलं, तर मध्ये कुठेतरी चूक झाली आहे असं समजा.

चूक होते ती इथे

कारचं इंजिन ११९७ सीसीचं असेल, तर लिटरमध्ये ते १.१९७ होतं आणि जाहिरातीत १.२ लिटर लिहितात. इथे फक्त ३ सीसी वाढवून सांगितले. एवढ्या मोठ्या इंजिनात ते अर्धा टक्कासुद्धा नाहीत. कारसाठी एक दशांश पुरतो, म्हणून ती पद्धत चालून गेली.

हीच पद्धत मोटरसायकलला लावली तर काय होतं, ते या तक्त्यात बघा:

| गाडी | सीसी | एक दशांश | दोन दशांश | पूर्ण आकडा |
|---|---|---|---|---|
| स्प्लेंडर प्लस | ९७.२ | ०.१ | ०.१० | ०.०९७२ |
| पल्सर १५० | १४९.५ | ०.१ | ०.१५ | ०.१४९५ |

एका दशांशावर दोन्ही गाड्या ०.१ लिटरच्या झाल्या. ५४ टक्क्यांचा फरक कागदावरून गायब! स्प्लेंडरला जवळपास ३ सीसी फुकट मिळाले आणि पल्सरचे साडेएकोणपन्नास सीसी, म्हणजे इंजिनाचा एक तृतीयांश भाग, कापला गेला.

दुसरी नेहमीची चूक शून्याची. ९७.२ ला भागताना घाईत ०.९७२ लिहिलं जातं. तसं झालं तर स्प्लेंडर थेट यामाहाच्या ९९८ सीसीच्या आर१ च्या पंक्तीत जाऊन बसते, कारण आर१ लिटरमध्ये ०.९९८ आहे. 'लिटर क्लास' म्हणतात ते अशाच, एक लिटरच्या आसपासच्या इंजिनांना.

उत्तर बरोबर आहे का, हे तपासायचे दोन उपाय आहेत. एक, आलेल्या लिटरला पुन्हा १००० ने गुणा. मूळ सीसी परत मिळायला हवेत. दोन, अंदाज घ्या. शंभर सीसीच्या आतली गाडी असेल, तर दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक शून्यच हवा. १०० ते १९९ सीसीच्या गाडीला तो १ हवा आणि ३०० ते ३९९ सीसीच्या गाडीला ३ हवा.

मोबाईलवर करायचं असेल, तर गुगलच्या सर्चमध्ये असं टाइप केलं तरी उत्तर येतं:

```
149.5 cc to litres
```

अनेक गाड्यांची यादी स्प्रेडशीटमध्ये केली असेल आणि सीसी ए कॉलममध्ये असतील, तर शेजारच्या रकान्यात हे लिहा:

```
=A2/1000
```

रकान्याची सेटिंग दोन दशांशांवर असेल, तर स्क्रीनवर ०.१० आणि ०.१५ असंच दिसेल. सेटिंग चार दशांशांवर करून घ्या.

मोटरसायकलसाठी लिटर कधी कामाला येतो?

नुसता आकार सांगायचा असेल, तर सीसीच सोयीचे. ०.०९७२ लिटर म्हणण्यापेक्षा ९७.२ सीसी म्हणणं केव्हाही सोपं. पण एका हिशेबात लिटर खरोखर उपयोगी पडतो, तो म्हणजे 'एका लिटरमागे किती ताकद'. दोन वेगवेगळ्या आकाराच्या इंजिनांमध्ये कोणतं इंजिन आपल्या आकाराच्या मानाने जास्त ताकद काढतं, हे त्यावरून कळतं.

स्प्लेंडर प्लसची ताकद ८.०२ पीएस आहे आणि पल्सर १५० ची १४ पीएस. ताकदीला लिटरने भागा:

स्प्लेंडर प्लस: ८.०२ ÷ ०.०९७२ = सुमारे ८२.५ पीएस प्रति लिटर
पल्सर १५०: १४ ÷ ०.१४९५ = सुमारे ९३.६ पीएस प्रति लिटर

म्हणजे पल्सरचं इंजिन मोठं तर आहेच, पण तेवढ्याच जागेतून ताकदही थोडी जास्त काढतं. म्हणून आकार ५४ टक्क्यांनी वाढला, तरी ताकद जवळपास ७५ टक्क्यांनी वाढली.

आता हाच हिशेब ०.१ लिटर धरून केला तर? स्प्लेंडर ८० आणि पल्सर १४० पीएस प्रति लिटर! पल्सर अचानक रेसिंग बाईक वाटायला लागते. एखाद्या पोस्टमध्ये साध्या दीडशे सीसीच्या गाडीसाठी असा अवाढव्य आकडा दिसला, तर तो गोल केलेल्या लिटरने भागून काढलेला असण्याची शक्यता आहे.

सीसी जवळपास सारखे, तरी गाड्या वेगळ्या

लिटरचा आकडा अचूक काढला तरी तो गाडीबद्दल सगळं सांगत नाही. यासाठी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आणि ट्रायम्फ स्पीड ४०० या दोन गाड्या घेऊ. स्पीड ४०० ही २०२३ मध्ये बाजारात आली आणि बजाज ती पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनवते.

क्लासिक ३५० चा बोअर ७२ मिमी आणि स्ट्रोक ८५.८ मिमी आहे. त्यावरून ३४९ सीसी, म्हणजे ०.३४९ लिटर होतात. स्पीड ४०० चा बोअर ८९ मिमी आणि स्ट्रोक ६४ मिमी. त्यावरून ३९८ सीसी, म्हणजे ०.३९८ लिटर. आकारातला फरक फक्त १४ टक्के.

ताकदीत मात्र मोठी तफावत आहे. क्लासिकची ताकद साधारण २० पीएस, तर स्पीड ४०० ची ४० पीएस. एका लिटरमागे क्लासिक ६० पीएसच्या आत राहते आणि स्पीड १०० पीएसपर्यंत जाते.

याचं कारण बोअर आणि स्ट्रोकमध्येच दडलं आहे. क्लासिकचा सिलिंडर अरुंद आणि उंच आहे. पिस्टनला लांब प्रवास करावा लागतो, त्यामुळे हे इंजिन फार वेगाने फिरवायला बनवलेलं नाही. ते आपली कमाल ताकद ६१०० आरपीएमला देतं. स्पीडचा सिलिंडर रुंद आणि बुटका आहे. पिस्टनचा प्रवास कमी, त्यामुळे इंजिन जास्त वेगाने फिरू शकतं आणि कमाल ताकद ८००० आरपीएमला मिळते. दर मिनिटाला जास्त फेऱ्या म्हणजे जास्त वेळा पेट्रोल जळतं, म्हणून ताकद जास्त.

याचा अर्थ क्लासिक कमकुवत आहे असा नाही. तिचा २७ न्यूटन मीटरचा कमाल टॉर्क ४००० आरपीएमलाच मिळतो. म्हणजे गाडी हळू चालत असतानाही ओढ चांगली असते. स्पीडचा ३७.५ न्यूटन मीटरचा टॉर्क ६५०० आरपीएमला येतो. तुम्हाला गाडी कशी चालवायची आहे, यावर कोणती बरी हे ठरतं. लिटरच्या आकड्यात हे दिसत नाही.

इन्शुरन्स आणि जीएसटी: इथे सीसीच बघा

सरकारी नियमांमध्ये मोटरसायकलींच्या मर्यादा सीसीमध्ये लिहिलेल्या असतात. तिथे गोल केलेला लिटरचा आकडा घेऊन गेलात, तर खर्चाचा अंदाज चुकेल.

थर्ड पार्टी इन्शुरन्सचे १ जून २०२२ पासून लागू झालेले दर बघा. ७५ च्या वर आणि १५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी वर्षाचा प्रीमियम ७१४ रुपये आहे. १५० च्या वर आणि ३५० सीसीपर्यंत तो १३६६ रुपये होतो. ३५० सीसीच्या वर २८०४ रुपये. जीएसटी वेगळा.

आता पल्सर १५० बघा. १४९.५ सीसी असल्यामुळे ती पहिल्या गटात, ७१४ रुपयांत बसते. म्हणजे आकाराने दीडपट असूनही तिचा थर्ड पार्टी प्रीमियम स्प्लेंडरएवढाच. पण त्याच कंपनीची पल्सर एन१६० ही १६४.८ सीसीची आहे. फरक फक्त १५ सीसीचा, लिटरमध्ये ०.०१५३ चा. पण तिने १५० ची रेषा ओलांडली, त्यामुळे प्रीमियम १३६६ रुपये, म्हणजे जवळपास दुप्पट. नव्या गाडीला एकदम पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स घ्यावा लागतो. तिथे हा फरक ३८५१ आणि ७३६५ रुपये असा पडतो.

जीएसटीची रेषा ३५० सीसीवर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर १८ टक्के आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. क्लासिक ३५० ची ३४९ सीसी रेषेच्या आत आहे, स्पीड ४०० ची ३९८ सीसी बाहेर. क्लासिकचा आकडा दोन दशांशांवर नेला की तो ०.३५ लिटर होतो, म्हणजे बरोबर रेषेवर. एखादं इंजिन ३५२ सीसीचं असतं, तर तेही ०.३५ लिटरच दिसलं असतं. एकावर १८ टक्के, दुसऱ्यावर ४० टक्के आणि लिटरमध्ये दोघांचा आकडा एकच!

म्हणून कराचा किंवा प्रीमियमचा प्रश्न असेल, तेव्हा आरसीवरच्या क्युबिक कपॅसिटीच्या रकान्यातला आकडा वाचा. गाडी बुलढाण्याची एमएच-२८ असो वा पुण्याची एमएच-१२, हे नियम सगळीकडे सारखेच आहेत.

जुन्या गाडीला बोअर मारला तर सीसी बदलतात का?

हो, थोडे बदलतात. सिलिंडर आतून झिजला की मेकॅनिक तो मशीनवर किंचित मोठा करून घेतात आणि त्यात ओव्हरसाइझ पिस्टन बसवतात. समजा स्प्लेंडरचा ५० मिमीचा बोअर अर्ध्या मिमीने वाढवून ५०.५ केला. मग हिशेब असा होतो:

०.७८५४ × ५.०५ × ५.०५ × ४.९५ = ९९.१ सीसी, म्हणजे ०.०९९१ लिटर

म्हणजे दोन सीसीच्या आतबाहेर वाढ. एका दशांशावर हा फरक दिसणारच नाही, पूर्ण आकड्यात दिसतो. पण यामुळे गाडी 'पॉवरफुल झाली' असं नाही. इंजिन पुन्हा चांगलं चालायला लागतं ते मुख्यतः गळणारं कॉम्प्रेशन भरून आल्यामुळे. वाढलेल्या दोन सीसींचा त्यात वाटा किरकोळ.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*टाकीचे लिटर आणि इंजिनाचे लिटर एकच का?*
नाही. स्प्लेंडर प्लसच्या टाकीत ९.८ लिटर आणि पल्सर १५० च्या टाकीत १५ लिटर पेट्रोल मावतं. ती साठवण्याची जागा आहे. इंजिनाचे लिटर म्हणजे पिस्टन एका फेरीत मोकळी करतो ती जागा.

*९७.२ सीसी म्हणजे प्रत्येक वेळी ९७.२ मिली पेट्रोल जळतं का?*
अजिबात नाही. त्या जागेत जवळपास सगळी हवाच असते. वजनाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. आणि पेट्रोल हवेपेक्षा कित्येक पट जड असल्यामुळे ते एका थेंबापेक्षाही कमी असतं.

*सीसी दीडपट म्हणजे ॲव्हरेज दीडपट कमी होतं का?*
असा थेट हिशेब नाही. गाडीचं वजन, गिअर, वेग आणि चालवण्याची पद्धत या सगळ्याचा ॲव्हरेजवर परिणाम होतो. उंद्रीहून चिखलीला त्याच रस्त्याने दोन्ही गाड्या नेल्या, तरी कोण किती जोरात चालवतं यावर आकडा बदलेल.

*इलेक्ट्रिक बाईकचे सीसी किती?*
तिला सिलिंडर आणि पिस्टन नसतात, त्यामुळे सीसीही नसतात आणि लिटरही नाहीत. तिची ताकद किलोवॅटमध्ये मोजतात. इन्शुरन्सचे गटही किलोवॅटवरच ठरतात.